पायातली गुठळी, छातीतली पाचर

पॅथॉलॉजीच्या पेपरात एक प्रश्न वर्षाआड तरी येतोच: थ्रॉम्बोसिसची व्याख्या द्या, कारणं सांगा, थ्रॉम्बसचं पुढे काय होतं ते लिहा. दुसरा प्रश्न एम्बोलिझमवर, तिसरा इन्फार्क्टवर. मुलं तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या पानांवर पाठ करतात आणि वेगवेगळ्या पानांवर ओततात. तीस वर्षं हे पेपर तपासताना मला कायम वाटत आलंय की हे तीन प्रश्न नाहीतच. ही एका गुठळीची गोष्ट आहे, आणि ती मी शवविच्छेदनाच्या टेबलावर एकदा अगदी ओळीने वाचली होती.

बाई बहात्तर वर्षांच्या. हृदय आधीपासून थोडं कमजोर, त्यासाठी गोळ्या चालू. एका रविवारी न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मुका मार असेल म्हणून दोन दिवस घरीच लेप आणि शेक झाला. मंगळवारी रुग्णालय, गुरुवारी शस्त्रक्रिया. ती उत्तम झाली. पुढच्या बुधवारी पोटरी दुखू लागली आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसू लागला. शुक्रवारी खोकला सुरू झाला, श्वास घेतला की उजव्या कुशीत कळ यायची आणि थुंकीत रक्ताची रेघ दिसली. 'घसा सोलवटला असेल' म्हणून खोकल्याचं औषध मिळालं. सोमवारी सकाळी आधार घेऊन बाथरूमकडे निघाल्या, चार पावलं टाकली, 'मला कसंतरी होतंय' म्हणाल्या आणि खाली बसल्या. पंधरा मिनिटांत सगळं संपलं. पडून झालेल्या दुखापतीनंतरचा मृत्यू म्हणून शवविच्छेदन झालं आणि फुप्फुसं, हृदय आणि पायाच्या शिरा आमच्या विभागात आल्या.

फुप्फुसाकडे जाणारी मोठी रोहिणी जिथे दुभागते, तिथे त्या दुभागावर घोड्याच्या खोगिरासारखं काहीतरी आडवं बसलं होतं. गडद लाल, बोटाएवढं जाड. सगळ्यात आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो: हे मरणापूर्वीचं की नंतरचं? कारण माणूस गेल्यावरही रक्त गोठतंच. मेल्यानंतरची गुठळी जेलीसारखी मऊ आणि ओलसर असते. रक्त स्थिर असल्यामुळे तांबड्या पेशी जडपणाने तळाशी बसतात आणि वरचा थर पिवळसर राहतो, कोंबडीच्या चरबीसारखा. ती भिंतीला कुठेच चिकटलेली नसते, चिमटीत धरली की साच्यातून काढावी तशी अख्खी बाहेर येते.

आमच्या हातातली तशी नव्हती. ती कोरडी, घट्ट होती आणि दाबली की तुटत होती. कापून नीट पाहिलं तर आत फिकट आणि गडद थर एकाआड एक दिसत होते, ओल्या वाळूवर लाटांच्या रेघा उमटाव्यात तसे. त्यांना त्सान यांच्या रेषा म्हणतात. फिकट थर प्लेटलेट आणि फायब्रिनच्या धाग्यांचे, गडद थर तांबड्या पेशींचे. असे थर फक्त वाहत्या रक्तातच पडू शकतात. म्हणजे ही गुठळी जमली तेव्हा रक्त वाहत होतं आणि बाई जिवंत होत्या. व्याख्येत 'जिवंतपणी' हा शब्द गाळणाऱ्या मुलाचा अर्धा गुण मी कापतो, त्यामागे हेच आहे. थ्रॉम्बस म्हणजे जिवंत माणसाच्या रक्तवाहिनीत किंवा हृदयात रक्ताच्याच घटकांपासून बनलेला घट्ट गोळा.

पण तो इथेच बनला होता का? गोळा सोडवून ट्रेमध्ये ठेवला तेव्हा लक्षात आलं की तो घडी पडून अडकला होता. सरळ केला तर चांगला वीतभर लांब निघाला. त्याला बाजूने बारीक फाटे होते, पण ते फुप्फुसातल्या रोहिणीच्या फाट्यांशी जुळेनात. त्याच्या अंगावर ठराविक अंतराने खाचा होत्या. त्या खाचा म्हणजे शिरेतल्या झडपांचे ठसे, आणि फुप्फुसाच्या रोहिणीला आतमध्ये अशा झडपा नसतातच. हा साचा मांडीतल्या खोल शिरेचा होता. मग मांडीतली शीर उघडली. तिथे गुठळीचं खालचं टोक भिंतीला चिकटून होतं आणि वरचं टोक ताजं तुटलेलं. हातातलं टोक त्याला जवळपास जुळलं.

ही जुळवाजुळव बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी १८४०च्या दशकात केली, तेव्हा ते पंचविशीत होते. त्या काळी फ्रेंच वैद्यकाचा दबदबा होता आणि फुप्फुसातल्या गुठळ्या तिथेच, शिरेच्या दाहातून तयार होतात असं मानलं जाई. फिरखो यांनी कुत्र्यांच्या मानेतल्या शिरेत रबराचे आणि इतर तुकडे सोडले, आणि ते तुकडे नंतर फुप्फुसाच्या रोहिणीत सापडले. गुठळी प्रवास करते हे तिथे सिद्ध झालं. थ्रॉम्बोसिस आणि एम्बोलिझम हे दोन्ही शब्द वैद्यकात त्यांनीच रुजवले. दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ आपल्या सुतारांना लगेच कळेल: पाचर, ठोकून बसवलेलं काहीतरी. जमते तो थ्रॉम्बस, सुटून रक्तासोबत निघते आणि अरुंद जागी पाचरीसारखी बसते तो एम्बोलस. वस्तू तीच, पत्ता बदलला की नाव बदललं. एम्बोलस गुठळीचाच असतो असंही नाही. मोडलेल्या हाडातली चरबी, हवेचा बुडबुडा, बाळंतपणात गर्भजल, हेही असं प्रवास करतात. पण बहुतेक वेळा ती गुठळीच असते.

आता मागे जाऊ. मांडीत गुठळी झालीच का?

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नुसतं गुळगुळीत नसतं, ते रक्ताला गोठू न देण्याचं काम सतत करत असतं. गोठण्याची प्रक्रिया रोखणारी द्रव्यं तेच तयार करतं, प्लेटलेट दूर ठेवतं आणि जमू लागलेले धागे विरघळवणारं द्रव्यही सोडतं. हे संतुलन तीन प्रकारे बिघडतं: अस्तराला इजा झाली, प्रवाह मंदावला किंवा घुसळला गेला, किंवा रक्तच गोठायला उतावीळ झालं. या त्रयीला फिरखो यांचं नाव मिळालं, पण ते नाव पुढच्या पिढ्यांनी दिलं, त्यांनी स्वतः नाही. मुलं तिन्ही मुद्दे बिनचूक लिहितात आणि तिन्हींना सारखीच जागा देतात. तिथे मला कुरकुर करावीशी वाटते, कारण रोहिणीत आणि शिरेत त्यांचं वजन सारखं नसतं. रोहिणीत रक्त जोरात धावतं, तिथे गुठळी व्हायला बहुधा अस्तर फाटावं लागतं. शिरेत प्रवाहाचा मंदपणाच पुढाकार घेतो.

पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढतं ते पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. चालताना स्नायू आवळले की खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस आडवा पडून राहिला की हा पंप बंद पडतो. मग झडपेमागच्या खिशासारख्या जागेत रक्त साचून तिथल्या तिथे घुटमळतं. तिथला प्राणवायू कमी होतो, अस्तर आपलं रक्षणाचं काम सोडू लागतं आणि गोठवणारे घटक वाहून न जाता तिथेच साठतात. बारीकशी गुठळी बहुतेकदा इथे, झडपेच्या खिशात धरते.

या बाईंच्या बाबतीत एकही गोष्ट सुटली नव्हती. रविवार ते गुरुवार आणि पुढेही त्या आडव्याच होत्या, म्हणजे प्रवाह मंद. हाड मोडताना आणि शस्त्रक्रियेत पाय वळवताना आसपासच्या शिरांना ताण आणि इजा. आणि मोठ्या जखमेनंतर शरीर रक्तस्राव थांबवण्याच्या तयारीत असतं, गोठवणारे घटक रक्तात वाढलेले असतात. म्हणून खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुठळीची भीती सगळ्यात जास्त, आणि म्हणूनच अशा रुग्णाला हेपॅरिनच्या जातीची इंजेक्शनं द्यायची, पायाला दाब देणारे मोजे किंवा पंप लावायचे आणि शक्य तितक्या लवकर उभं करायचं, हा आता रिवाज आहे. कागदपत्रांत इंजेक्शनाची नोंद फक्त एका दिवसाची होती. मुलाबाळांकडे अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांना विमानात अधूनमधून उठून चाला असं सांगतात, त्यामागेही हाच बंद पडलेला पंप आहे.

थ्रॉम्बस जमल्यावर त्याच्यापुढे चार वाटा असतात. तो विरघळू शकतो, पण हे सुरुवातीलाच सोपं असतं. फायब्रिनचे धागे एकमेकांत घट्ट विणले गेले की तो दाद देत नाही. तो भिंतीत मुरू शकतो, म्हणजे त्यात पेशी शिरतात, तंतू तयार होतात आणि कधी कधी मधून नवे बारीक मार्ग फुटून रक्त पुन्हा वाहू लागतं. तो वाढत जाऊ शकतो: शिरेत ही वाढ प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे हृदयाकडे होते, आणि वाढलेलं शेपूट भिंतीला नीट चिकटलेलं नसतं, रक्तात लोंबतं. आणि ते शेपूट तुटू शकतं. पोटरीतली गुठळी पोटरीतच राहिली तर फारसं बिघडत नाही. ती गुडघ्यावर चढली की खरी भीती सुरू होते, कारण फुप्फुसात सापडणाऱ्या एम्बोलसांपैकी बहुतेक, शंभरातले पंच्याण्णवहून अधिक, पायाच्या खोल शिरांतून आलेले असतात.

तुटलेल्या शेपटाला वाटेत अडवणारं काही नसतं. शिरा हृदयाकडे जाताना रुंदच होत जातात. मांडी, ओटीपोट, मोठी महाशीर, हृदयाचा उजवा भाग. वाट पहिल्यांदा अरुंद होते ती फुप्फुसात. पायातली गुठळी मेंदूत का जात नाही, या प्रश्नाचं उत्तर या नकाशात आहे: मध्ये फुप्फुसाची गाळणी आहे. हृदयाच्या दोन बाजूंमधल्या पडद्याला जन्मापासूनचं भोक राहिलेलं असेल तरच ती क्वचित पलीकडे निसटते.

आता या प्रकरणातला सगळ्यात शिकवून जाणारा भाग. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या पाळीत, अगदी कडेला, एक घट्ट डाग होता. कापल्यावर त्रिकोणी दिसत होता: पाया फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणाकडे, टोक आतल्या बाजूला, आणि टोकाशी एक बारीक रोहिणी, तिच्यात छोटीशी गुठळी. इथेही पाचरच. हा इन्फार्क्ट. रक्तपुरवठा तुटल्यामुळे मेलेला ऊतीचा तुकडा. रंग गडद लाल, पण कडांना तपकिरी झाक येऊ लागलेली. तांबड्या पेशी दोन दिवसांनी फुटू लागतात आणि त्यातलं लोह पेशींत साठून हा तपकिरी रंग येतो. म्हणजे डाग सोमवारचा नव्हता, शुक्रवारचा होता. कुशीतली कळ, थुंकीतलं रक्त, सगळं या डागाचं बोलणं होतं. मेलेला तुकडा आवरणापर्यंत पोहोचला की आवरण सुजतं आणि प्रत्येक श्वासाला घासलं जातं, तीच ती कळ.

आणि ज्या मोठ्या गुठळीने जीव घेतला, तिच्या पुढच्या फुप्फुसात? तिथे इन्फार्क्ट नव्हताच. परीक्षेत हे विचारलं तर दहातले आठ जण चुकतील, कारण त्यांनी 'एम्बोलिझममुळे इन्फार्क्ट होतो' एवढंच पाठ केलेलं असतं. मोठी गुठळी ऊती मारून माणसाला मारत नाही. फुप्फुसातल्या वाहिन्यांपैकी साठ टक्के किंवा जास्त एकदम बुजल्या की हृदयाच्या उजव्या कप्प्याला समोरचा दाब पेलत नाही. तो फुगतो, थकतो, डाव्या बाजूला रक्तच पोहोचत नाही. हे मिनिटांत होतं. ऊती मरून डोळ्यांना दिसण्याजोगा डाग पडायला तास लागतात, आणि तेवढा वेळ बाईंना मिळाला नाही.

लहान गुठळ्यासुद्धा दर वेळी इन्फार्क्ट करत नाहीत. फुप्फुसाला रक्त दोन घरांतून येतं: एक हृदयाच्या उजव्या बाजूकडून, दुसरं महारोहिणीतून निघणाऱ्या श्वासनलिकांच्या रोहिण्यांतून. एक वाट बंद झाली तरी दुसरी ऊतीला जगवते. तरुण, धडधाकट माणसात अशा ठिकाणी थोडा रक्तस्राव होतो, पण ऊती मरत नाही. फुप्फुसात अडकणाऱ्या एम्बोलसांपैकी साधारण दहातला एकच इन्फार्क्टपर्यंत जातो. या बाईंचं डावं हृदय कमजोर होतं, फुप्फुसात रक्त आधीच तुंबलेलं होतं, म्हणून दुसऱ्या घराची मदत पुरली नाही. पण तिने एक खूण ठेवली: मेलेल्या तुकड्यात ती रक्त ओतत राहिली. फुप्फुसाचा इन्फार्क्ट लाल असतो तो यामुळे, आणि ऊतीच सैल, हवेच्या पिशव्यांची असल्यामुळे रक्ताला पसरायला जागाही असते. इन्फार्क्ट या शब्दाचं लॅटिन मूळ 'ठासून भरणं' असं आहे, आणि तो लाल, फुगीर डाग पाहिला की शब्द कुठून आला हे विचारावं लागत नाही.

हृदय, मूत्रपिंड, प्लीहा यांचं वेगळं आहे. ऊती घट्ट, आणि शेवटच्या फांद्यांना दुसऱ्या कुणाची साथ जवळजवळ नाही. तिथला इन्फार्क्ट फिका, पांढरट-पिवळा होतो. हार्ट अटॅकबद्दल एक गैरसमज मुलांच्याही उत्तरांत आढळतो, की कुठून तरी गुठळी येऊन हृदयात अडकते. बहुतेक वेळा तसं नसतं. हृदयाच्या रोहिणीत साठलेल्या चरबीच्या थराला जागच्या जागी चीर जाते आणि त्या चिरेवर प्लेटलेटची गुठळी तिथेच जमते. अस्तराची इजा म्हणते ती हीच. म्हणून हृदयाच्या रुग्णाला प्लेटलेटला आवर घालणारी अॅस्पिरिन, आणि पायाच्या शिरेतल्या गुठळीला फायब्रिनची प्रक्रिया अडवणारं हेपॅरिन. रक्त पूर्ण तुटल्यावर हृदयाचा स्नायू वीस ते चाळीस मिनिटांत मरायला लागतो, पण उघड्या डोळ्यांना पहिले काही तास काहीच दिसत नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसात मेलेला भाग सर्वात मऊ असतो, फुटायची भीती तेव्हाच. मग हळूहळू व्रण भरतो, दीड-दोन महिन्यांत.

आणि साखळी उलटीही फिरते. हृदयाचा मेलेला भाग नीट हलत नाही, त्याच्या आतल्या भिंतीवर रक्त घुटमळतं, तिथे थ्रॉम्बस धरतो आणि तो सुटून मेंदूत जाऊन बसतो. आधी इन्फार्क्ट, मग थ्रॉम्बोसिस, मग एम्बोलिझम, मग पुन्हा इन्फार्क्ट. पुस्तकातल्या धड्यांचा क्रम इथे मोडतो.

बुधवारी काय करता आलं असतं, हे विचारायलाच हवं. दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजता आला असता. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक हा मोठा इशारा मानतात. डी-डायमर नावाची रक्ततपासणी इथे कामाची नव्हती, कारण शस्त्रक्रियेनंतर ती तशीही वाढलेलीच असते. पायाची डॉपलर सोनोग्राफी मात्र खाटेपाशी होते: शीर दाबून पाहायची, दबली नाही तर आत गुठळी आहे. आणि शुक्रवारी, रक्त पडल्यावर, छातीचा सीटी अँजिओग्राम. तोपर्यंत नाडीही वाढलेली होती, तक्त्यावर एकशे बाराची नोंद होती आणि तिच्यासमोर कुणीच काही लिहिलेलं नव्हतं.

अहवाल घ्यायला सून आली होती. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "डॉक्टर, बुधवारी रात्री आईंची पोटरी दुखत होती म्हणून मी तेल लावून चोळून दिली. त्याने तर नाही ना सुटली?"

सुजलेला, दुखणारा पाय चोळू नये हे खरंच. मी तिला तेही सांगितलं, पुढच्या कुणासाठी तरी. पण तुटलेलं टोक मांडीत वरच्या बाजूला होतं आणि शुक्रवारच्या डागाचा अर्थ असा की गुठळी बुधवारच्या आसपासच तुकडे टाकू लागली होती, कुणी हात लावो न लावो. "सोमवारी त्या उठून चालल्या, ताई," मी म्हटलं, "शेपूट लोंबकळत होतं, ते तेव्हा सुटलं." तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, विम्यासाठी याच्या दोन प्रती मिळतील का.